मागच्या वर्षीचा ऑक्टोबर यंदा तसाच्या तसा वापरू नका

पत्र: मी सांगलीत घरून भाजणी विकते, थालीपीठाची वर्षभर आणि चकलीची फक्त दिवाळीला. ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात, वहीत तारीख आणि किलो लिहिते, पानांचे फोटो सोबत पाठवलेत. गेल्या वर्षी २७-२८ सप्टेंबरपर्यंत चकलीची भाजणी ४०-४२ किलो गेली होती, यंदा ४ किलो! गेल्या तीन ऑक्टोबरचं ॲव्हरेज १३५ किलो येतंय पण मार्केट बघता तेवढी तरी जाईल का? मिस्टर म्हणतात १०० किलोचंच धान्य भर. आणि थालीपीठाची ऑक्टोबरला किती करू, तेही सांगा.
— भाजणीवाली, सांगली

उत्तर:

ताई, आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि लक्ष्मीपूजन कधी आहे ते बघा. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ ला, ते २१ ऑक्टोबरला होतं, यंदा ८ नोव्हेंबरला आहे. म्हणजे गेल्या वर्षी २८ सप्टेंबरला दिवाळी जेमतेम तीन आठवड्यांवर होती आणि यंदा ती जवळजवळ सहा आठवडे लांब आहे, मधे १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ पडला त्यामुळे सगळे सण पुढे सरकलेत, आणि अजून पितृपक्ष चालू आहे, तो १० ऑक्टोबरला संपेल. आत्ता चकलीची भाजणी कोण मागवणार? यंदाचे ४ किलो हे गेल्या वर्षीच्या ४२ किलोच्या शेजारी ठेवायचेच नाहीत. ठेवायचेच असतील तर गेल्या वर्षीच्या १० सप्टेंबरच्या आकड्याशेजारी ठेवा. वहीत बघितलं मी, तेव्हा तुमच्याकडे ३ किलोची ऑर्डर होती.

त्यामुळे मार्केट पडलंय वगैरे मनातून काढून टाका, निदान या आकड्यावरून तरी तसं काही दिसत नाही.

आता ते १३५ चं ॲव्हरेज. हिशेब तुमचा बरोबर आहे हो, २०२३ चे ७६, २०२४ चे १४५ आणि २०२५ चे १८५, भागिले तीन, १३५. पण हे तीन ऑक्टोबर एकमेकांचे कुणीच लागत नाहीत. २०२३ ला लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं म्हणून त्या सीझनचा जवळजवळ एक तृतीयांश माल नोव्हेंबरात गेला. २०२४ ला १ नोव्हेंबरला होतं म्हणून अख्खा सीझनच ऑक्टोबरात बसला. २०२५ ला सुरुवातीचा मोठा भाग सप्टेंबरातच जाऊन आला होता. तिघांनाही आपण ऑक्टोबर म्हणतो पण प्रत्येकात दिवाळीचा वेगळाच तुकडा आहे, आणि तीन वेगळ्या तुकड्यांचं ॲव्हरेज काढून चौथ्या वर्षाचा अंदाज येत नाही. जे लोक राख्या, फराळ, मोदकाची पिठी असलं काही विकतात त्या सगळ्यांचं इथेच फसतं, कारण महिन्यांचे फॅक्टर, म्हणजे कुठल्या महिन्यात नेहमीपेक्षा किती कमी-जास्त जातं ते, काढायची जी साधी पद्धत सगळीकडे सांगतात ती इंग्रजी महिन्यावर चालते आणि आपलं गिऱ्हाईक पंचांगावर चालतं.

म्हणून चकलीच्या भाजणीसाठी महिना विसरा आणि लक्ष्मीपूजनापासून उलटे आठवडे मोजा. लक्ष्मीपूजनाच्या आधीचे सात दिवस म्हणजे पहिला आठवडा, त्याच्या आधीचे सात म्हणजे दुसरा, असं पाचव्यापर्यंत. पाचव्याच्याही आधी ज्या चार-दोन तुरळक ऑर्डरी येतात त्या पाचव्यातच टाका. वही शीटमध्ये चढवली असेल तर तारीख A कॉलममध्ये धरून हा एक फॉर्म्युला पुरतो, तारीख टाकली की तो आठवड्याचा नंबर देतो:

```
=INT((DATE(2026,11,8)-A2-1)/7)+1
```

जुन्या वर्षांसाठी कंसातली तारीख तेवढी बदलायची. २०२५ साठी 2025,10,21 आणि २०२४ साठी 2024,11,1. उत्तर ६ किंवा जास्त आलं तर ते ५ धरा.

तुमच्या २०२३ च्या पानावर मी हे हातानेच केलं. पाचव्या आठवड्यात ९ किलो, चौथ्यात १९, तिसऱ्यात ३३, दुसऱ्यात ३६ आणि शेवटच्यात १३, एकूण ११०. शंभरात मांडलं तर साधारण ८, १७, ३०, ३३ आणि १२. मग २०२५ घेतलं तर तिथेही जवळपास हाच पॅटर्न, एखाद टक्का इकडे तिकडे. दिवाळी बावीस दिवस हलली तरी ऑर्डरींचा आकार हलला नाही. असं का होतं तर अधिक आश्विन आला नसेल तर सर्वपित्री अमावस्या आणि लक्ष्मीपूजनाची अमावस्या यांच्यात बरोबर एक चांद्रमास असतो, म्हणजे २९-३० दिवस. त्यामुळे तुमचा पाचवा आठवडा पितृपक्षात जातो, चौथ्याच्या तोंडावर घटस्थापना होते, तिसऱ्यात दसरा येतो आणि तिथून बायका फराळाच्या तयारीला लागतात. शेवटचा आठवडा बारीक का, तर पुण्या-मुंबईला कुरिअर पोचायला दोन-तीन दिवस आणि मग चकल्या करायला वेळ हवा, तेव्हा लांबचं गिऱ्हाईक त्याच्या आधीच मागवून मोकळं होतं. शेवटी उरतात ते गावातले.

पुढे जायच्या आधी वही थोडी साफ करावी लागेल, कारण दोन ठिकाणी आकडा खोटं बोलतोय.

एक, २०२५ ला ऑक्टोबरात एका ऑफिसने स्टाफला वाटायला ५० किलो एकदम घेतली. ती ऑर्डर चांगलीच झाली पण ती सवयीची मागणी नाही. ॲव्हरेजमध्ये ठेवलीत तर यंदा आपोआप ५० किलोचं स्वप्न पडेल. ती बाजूला काढा आणि त्या ऑफिसला या आठवड्यात सरळ फोन करून विचारा की यंदा घेणार का. हो म्हणाले तर अंदाजावर वरून ५० चढवा, नाही म्हणाले तर शून्य. एका फोनवर ज्याचं उत्तर मिळतं त्याचा अंदाज कशाला बांधायचा. त्या ५० शिवाय २०२५ चा सीझन १९० किलोचा होतो.

दोन, २०२४ ला एकूण १५० दिसतात पण त्यात शेवटच्या आठवड्यात माल संपला होता, तुम्हीच बाजूला "संपली" असं लिहून ठेवलंय. म्हणजे १५० ही विक्री झाली, मागणी जास्त होती. व्हॉट्सॲपवर त्या आठवड्यातल्या ज्यांना ज्यांना "संपली ताई" असं उत्तर गेलंय त्यांचे किलो मोजा. तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये मला साधारण १० किलो सापडले, म्हणून २०२४ मी १६० धरतोय. हे फार जण करत नाहीत आणि मग दरवर्षी तेवढाच माल करतात जेवढा गेल्या वर्षी संपला होता, आणि दरवर्षी तो संपतो.

म्हणजे साफ केल्यावर सीझन असे: ११०, १६०, १९०. यांचंही ॲव्हरेज काढू नका हां, ते १५३ येईल आणि तुम्ही दोन वर्षं मागे जाल. धंदा वाढतोय तेव्हा शेवटच्या वर्षापासून निघायचं आणि यंदाची वाढ किती ते बघायचं. वाढ कुठून कळणार? थालीपीठाच्या भाजणीवरून, आणि तुमचा दुसरा प्रश्नही तिचाच होता, तर आधी ती उरकू.

थालीपीठाची भाजणी पावसाळ्यात जास्त जाते, उन्हाळ्यात आणि दिवाळीच्या महिन्यात कमी. तिला पंचांगाचा धक्का फारसा लागत नाही म्हणून इथे साधी महिन्यांची पद्धत चालेल. २०२४ मध्ये वर्षाला ४८० किलो गेली म्हणजे महिन्याला ४०, आणि ऑक्टोबरात गेली ३२. बत्तीस भागिले चाळीस, ०.८०. २०२५ मध्ये ६०० किलो म्हणजे महिन्याला ५०, ऑक्टोबरात ३८, म्हणजे ०.७६. दोन्हींचं मधलं ०.७८, हा ऑक्टोबरचा फॅक्टर. अर्थ एवढाच की नेहमीच्या महिन्यात १०० जाते तेव्हा ऑक्टोबरात ७८ जाते. असेच बाकीच्या महिन्यांचे काढले तर जुलैचा १.२५ येतो, ऑगस्टचा १.२० आणि सप्टेंबरचा ०.९०.

आता यंदाचे शेवटचे तीन महिने घ्या: जुलै ७०, ऑगस्ट ६६, सप्टेंबर उरलेले दोन-तीन दिवस धरून ५४. यांचं सरळ ॲव्हरेज ६३ येतं आणि तुम्ही ६३ करायला घ्याल, पण त्यात पावसाळा भरलेला आहे. आधी तो काढायचा. ७० भागिले १.२५ म्हणजे ५६, ६६ भागिले १.२० म्हणजे ५५, ५४ भागिले ०.९० म्हणजे ६०. पाऊस-सण काढून टाकल्यावर तुमचा नेहमीचा महिना सध्या या तिघांचं ॲव्हरेज, ५७ किलोचा आहे. आणि ऑक्टोबरसाठी त्यात ऑक्टोबर परत घालायचा, ५७ गुणिले ०.७८, साधारण ४४-४५ किलो. झालं. ६३ केली असती तर अठरा किलो भाजणी नोव्हेंबरपर्यंत डब्यात बसली असती आणि भाजणी जुनी झाली की तिचा वास लगेच कळतो, नेहमीचं गिऱ्हाईक एकदा खवट खाल्लं की सांगत नाही, नुसतं मागवायचं थांबतं.

एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या, दोन वर्षांच्या वहीवर काढलेला फॅक्टर हा कच्चाच असतो. ०.८० आणि ०.७६ एकमेकांजवळ आहेत म्हणून मी त्यावर विसंबतोय. एखाद्या महिन्याचे दोन वर्षांचे फॅक्टर ०.७ आणि १.३ असे निघाले तर त्यांचं मधलं १.० घेऊन काही उपयोग नाही, त्या महिन्यात कुठल्यातरी वर्षी काहीतरी वेगळं घडलेलं असतं, ते वहीत शोधा, नाही सापडलं तर फॅक्टर १ धरून गप्प बसा.

परत चकलीकडे. गेल्या वर्षी थालीपीठाचा नेहमीचा महिना ५० होता, आता ५७ आहे, म्हणजे सुमारे १४ टक्के वाढ. गिऱ्हाईक बरंचसं तेच आहे तर चकलीलाही तेवढीच वाढ धरू: १९० गुणिले १.१४, साधारण २१५ किलो. हा पूर्ण सीझन. आता तो आठवड्यांत वाटायचा, आणि यंदा गंमत अशी की लक्ष्मीपूजन रविवारी ८ तारखेला आहे त्यामुळे आठवडे आणि महिना बरोबर जुळतात. ४ ते १० ऑक्टोबर साधारण १७ किलो, आणि तुमचे आत्ताचे ४ त्यातच धरले आहेत. ११ ते १७ ऑक्टोबर ३७. १८ ते २४ ऑक्टोबर ६५. २५ ते ३१ ऑक्टोबर ७१. आणि १ ते ७ नोव्हेंबर २६.

ऑक्टोबरचे चार आठवडे मिळून १९० किलो होतात. तुमच्या १३५ पेक्षा ५५ जास्त, मिस्टरांच्या १०० पेक्षा जवळजवळ दुप्पट. त्यांना म्हणावं रागावू नका, वहीच असं म्हणतेय.

या २१५ वर किती भरवसा ठेवायचा? त्याची परीक्षा घेता येते. समजा आपण गेल्या वर्षीच्या सप्टेंबरच्या शेवटी बसलोय आणि पुढचं काही माहीत नाही. तेव्हा हातात २०२४ चे साफ केलेले १६० होते, आणि थालीपीठाचा नेहमीचा महिना ४० वरून ५० ला गेला होता, म्हणजे २५ टक्के वाढ. १६० गुणिले १.२५, अंदाज २००. खरे गेले १९०. दहा किलोची चूक, पाच टक्के. एवढं छान येणं हा थोडा नशिबाचाही भाग आहे आणि एका वर्षाच्या परीक्षेवरून पद्धत पास झाली असं मी म्हणणार नाही, तेव्हा बारा टक्के इकडे-तिकडे धरून चला, म्हणजे १९० ते २४०. एकच आकडा डोक्यात ठेवण्यापेक्षा हे दोन ठेवा, खरेदीला तेच उपयोगी पडतात.

खरेदीत तुमचा एक मोठा फायदा आहे तो वापरा. तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, धणे हे न भाजता ठेवले तर महिनोन्महिने टिकतात आणि उरलेच तर थालीपीठाच्या भाजणीत जातात. दळलेली चकलीची भाजणी मात्र लक्ष्मीपूजन झालं की कुणी विचारत नाही. म्हणून धान्य खालच्या आकड्याचं, १९० किलोचं, आत्ताच भरून ठेवा, सीझन वाईट गेला तरी तेवढं लागणारच आहे. धुणं-भाजणं-दळणं यात घट येते ती तुमच्या गिरणीची किती ते एका घाण्याला आधी आणि नंतर वजन करून बघा, १९० किलो भाजणीला त्या हिशेबाने वर धान्य घ्यावं लागेल. वरच्या २५ ते ५० किलोचं धान्य आत्ता नको. आणि दळण मात्र आठवड्याच्या आकड्याप्रमाणेच, सगळं एकदम दळून ठेवायचं नाही.

इथे अजून एक हिशेब कराच. १८ ते ३१ ऑक्टोबर या चौदा दिवसांत १३६ किलो आहे, म्हणजे रोजची जवळजवळ दहा किलो. घरच्या गॅसवर, एका कढईत, रोज दहा किलो भाजून, चाळून, पॅक करून कुरिअरला देणं तुम्हाला जमतं का? नसेल जमत तर अंदाज २१५ असून उपयोग नाही, मदतीला त्या दोन आठवड्यांसाठी बाई आत्ताच सांगून ठेवावी लागेल आणि गिरणीवाल्याला वेळ धरून ठेवायला सांगावं लागेल, तेव्हा त्याच्याकडेही अख्ख्या गल्लीचं फराळाचं दळण असतं.

मग वरच्या धान्याचं कधी ठरवायचं, तर १७ ऑक्टोबरच्या रात्री. त्या आधी नाही. १० तारखेला आकडा बघून घाबरायचा मोह होईल पण तोवर सीझनच्या फक्त ८ टक्के ऑर्डरी आलेल्या असतात, दोन मोठ्या गिऱ्हाइकांनी इकडे-तिकडे केलं की तो आकडा वेडावाकडा होतो. १७ ला पाचवा आणि चौथा आठवडा मिळून सीझनचा चौथा हिस्सा झालेला असतो, म्हणजे अंदाजाप्रमाणे ५४ किलोच्या ऑर्डरी असायला हव्यात. समजा प्रत्यक्षात ६५ आल्या. ६५ ला चारने गुणलं की २६० होतात. पण लगेच २६० वर उडी मारू नका, जुना अंदाज २१५ आणि नवा २६० यांच्या मधे थांबा, साधारण २३८. तसंच ४२ च आल्या तर चारने गुणून १६८, आणि मधलं १९०-१९२, म्हणजे भरलेलं धान्य पुरेसं आहे, वरचं घ्यायचंच नाही. ऑफिसची बल्क ऑर्डर आली तर ती या ५४ मध्ये मोजू नका, ती वेगळ्या पानावर.

पंचांगाच्या या सगळ्या हिशेबात एक गोष्ट बसत नाही, ती म्हणजे पगार. पगार इंग्रजी तारखेलाच होतो. २०२३ ला १ नोव्हेंबर तुमच्या दुसऱ्या आठवड्यात आला होता, भर खरेदीत. यंदा १ नोव्हेंबर शेवटच्या आठवड्याचा पहिला दिवस आहे आणि त्याच्या आधीचा सगळ्यात मोठा आठवडा महिनाअखेरीला आलाय. तेव्हा ७१ मधले काही किलो सरकून शेवटच्या आठवड्यात जाऊ शकतात, किती ते वहीवरून सांगता येत नाही, असा योग तुमच्या तीन वर्षांत आलेलाच नाही. त्यामुळे ३० तारखेला ऑर्डरी थोड्या कमी वाटल्या म्हणून शेवटच्या २६ किलोचं दळण रद्द करू नका, उलट आठ-दहा किलोचं धान्य न भाजता हाताशी ठेवा आणि २ नोव्हेंबरला बघून भाजा. लांबच्या गिऱ्हाइकांना ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यातच मेसेज टाका की कुरिअरची शेवटची तारीख अमुक, आत्ता बुक करा, पैसे १ तारखेनंतर दिले तरी चालतील, नेहमीच्यांनाच हं, नवीन लोकांना उधारी नको.

आणि वहीत किलोच्या शेजारी एक रकाना आजपासूनच वाढवा: "मागितली पण दिली नाही". संपली म्हणून असो, कुरिअर पोचणार नाही म्हणून असो, जेवढे किलो परत पाठवले तेवढे त्याच दिवशी तिथे लिहा, म्हणजे पुढच्या वर्षी स्क्रीनशॉट शोधत बसायला नको.